धागा: 'आमच्या घरांतून' हे एकच पद तीन भाषांत तोडून पाहताना

शब्दवेल्हाळ

सामान्यरूपाच्या धाग्यात कुणीतरी ओघात लिहिलं होतं की मराठी ही तुर्कीसारखी ॲग्लुटिनेटिव्ह भाषा आहे. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण विषय मनातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

आधी संज्ञांबद्दल. तुकडे नुसते चिकटवणाऱ्या, ते विरघळवून टाकणाऱ्या आणि सगळे सुटे ठेवणाऱ्या अशा तीन प्रकारच्या भाषांना हिंदी पुस्तकांत अनुक्रमे अश्लिष्ट, श्लिष्ट आणि अयोगात्मक म्हणतात. पहिल्या दोघांत एका 'अ'चाच फरक, आणि घाईत वाचताना तो हमखास निसटतो. म्हणून मी सरळ ॲग्लुटिनेटिव्ह, फ्युजनल आणि आयसोलेटिंग असंच लिहितो.

व्याख्यांपेक्षा एकच पद तीन भाषांत नेऊन तोडून पाहू. पद आहे 'आमच्या घरांतून'. यात चार गोष्टी सांगायच्या आहेत: घर, ती एकाहून जास्त आहेत, ती आमची आहेत, आणि तिथून बाहेर.

तुर्कीत हे सगळं एका शब्दात येतं: एवलेरिमिझदेन. तोडा: एव-लेर-इमिझ-देन. एव म्हणजे घर, लेर म्हणजे अनेक, इमिझ म्हणजे आमचं, देन म्हणजे पासून किंवा तून. आता यातला कुठलाही मणी काढून बघा. लेर काढला तर एवइमिझदेन, म्हणजे 'आमच्या घरातून'. इमिझ काढला तर एवलेरदेन, 'घरांतून'. दोन्ही काढले तर एवदेन, 'घरातून'. प्रत्येक वेळी बाकीचे मणी होते तसेच राहिले. एका मण्याला एक अर्थ, आणि मण्यांचा क्रम ठरलेला: आधी संख्या, मग मालकी, शेवटी विभक्ती.

शब्द बदलला की मण्यांचे स्वर मात्र बदलतात. ओकुल म्हणजे शाळा. तिचं होतं ओकुल-लार-अमअझ-दान. लेरचा लार झाला, देनचा दान झाला, आणि इमिझमधला इ अधिक मागच्या स्वरात गेला. त्या स्वराला तुर्की लिपीत बिनटिंबाचा वेगळा आय आहे, आपल्याकडे अक्षर नाही, म्हणून मी 'अ' लिहिलाय. पण हा बदल आधीच्या स्वराकडे बघून होतो. कधी न ऐकलेला शब्द दिला तरी तुर्की माणूस त्याला योग्य तो लेर किंवा लार क्षणात लावतो.

आता संस्कृत: अस्माकं गृहेभ्यः. 'अस्माकम्' बाजूला ठेवू, फक्त 'गृहेभ्यः' घेऊ. यात घर आहे, अनेकवचन आहे, पंचमी आहे. तुर्कीसारखा अनेकवचनाचा मणी काढून दाखवा बरं. एकवचनात 'गृहात्' होतं, द्विवचनात 'गृहाभ्याम्'. म्हणजे पंचमीचा असा एक तुकडा नाही जो तिन्ही वचनांत टिकतो. उलट बाजूने बघा: अनेकवचनातच राहून विभक्ती बदला. गृहाणि, गृहैः, गृहेभ्यः, गृहाणाम्, गृहेषु. यांत सगळीकडे सापडेल असा अनेकवचनाचा तुकडाही नाही. '-आत्'मध्ये पंचमी आणि एकवचन दोन्ही विरघळलेली आहेत. विरघळलेली साखर चिमटीने काढता येत नाही. शिवाय 'गृहेभ्यः' हे चतुर्थीचंही रूप आहे. 'घरांसाठी' की 'घरांतून' हे वाक्य सांगतं.

तिसरी व्हिएतनामी: तू न्युंग ङोय न्या कुअ चुंग तोय. इथल्या ध्वनींचे चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत, म्हणून उच्चार अदमासे समजा. तू म्हणजे 'पासून', न्युंग म्हणजे 'अनेक', ङोय हा घरासारख्या वास्तू मोजताना लागणारा शब्द, न्या म्हणजे घर, कुअ म्हणजे 'चा', आणि चुंग तोय म्हणजे आम्ही. सात अक्षरं, सात तुकडे, आणि 'न्या' पहिल्यापासून शेवटपर्यंत 'न्या'च. घर एक असो, दहा असोत, त्यातून बाहेर या, आत जा, तो शब्द हलत नाही. 'तोय' तर बघण्यासारखा आहे. 'तोय थय नॉ' म्हणजे 'मी त्याला पाहतो'. 'नॉ थय तोय' म्हणजे 'तो मला पाहतो'. आपल्याला मी-मला, तो-त्याला अशी चार रूपं लागली. तिथे दोनच शब्दांची जागा बदलली आणि काम झालं.

एक गोष्ट मला फार आवडली: 'चुंग तोय' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, आणि ऐकणाराही धरायचा असेल तर 'चुंग ता'. म्हणजे थेट आपलं आम्ही आणि आपण. या एका बाबतीत तुर्की आणि संस्कृत दोघीही आपल्यापेक्षा ढोबळ.

आता प्रश्न. 'घरांतून' हे मराठी रूप यांपैकी कुणासारखं? मला वाटतं उत्तर सरळ नाही. तुमचं मत सांगा.

---

केतकी_प

धागा आवडला, पण संस्कृतबद्दल थोडी असहमत आहे. गृहेभ्यः आणि गृहेषु दोन्हींत 'ए' दिसतो की! गृह-ए-भ्यः, गृह-ए-षु. मग हा 'ए' अनेकवचनाचा मणी का नाही? एकवचनात गृहात्, गृहस्य, तिथे तो नाही. मी शाळेत असंच लक्षात ठेवायचे आणि चुकायचे नाही.

---

धातुसाधित

केतकीताई, तुमचं निरीक्षण खरं आहे, पण अर्ध्यावर थांबलंय. तो 'ए' गृहाणाम् आणि गृहाणिमध्ये नाही. गृहैःमध्ये 'ऐ' आहे. उलट 'गृहे' हे सप्तमीचं एकवचन आहे, तिथे हाच 'ए' एकवचनात येऊन बसतो. आणि 'नदी' घ्या: नदीभ्यः, नदीषु. तिथे 'ए' कुठेच नाही. म्हणजे हा मणी फक्त अकारान्त शब्दांत आणि तिथेही मोजक्या विभक्तींत दिसतो. ज्याला असा माग काढत फिरावं लागतं तो तुर्कीच्या लेरसारखा मणी नव्हे.

तरी तुमच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. भ्याम्, भिस्, भ्यस् या तिन्हींत 'भ्' आहे. तो योगायोग नाही, फार जुन्या काळी तो वेगळा काढता येण्याजोगा तुकडा असावा असंच दिसतं. म्हणजे फ्युजनल भाषेतही काही ठिकाणी शिवण दिसते. शब्दवेल्हाळांची साखरेची उपमा सगळीकडे लागू पडत नाही, काही ठिकाणी खडा अजून पूर्ण विरघळलेला नाही.

---

उदय_न

शब्दवेल्हाळ, तुम्ही म्हणता तुर्कीत बदल स्वरावरून ठरतो. मग संस्कृतमध्येही तेच नाही का? अकारान्ताला -आत्, ईकारान्त नदीचं नद्याः, उकारान्त गुरूचं गुरोः. शेवटचा स्वर बघितला की प्रत्यय ठरला. मग फरक काय राहिला?

---

धातुसाधित

उदयजी, या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत दडलंय: कवि आणि पति. दोन्ही पुंलिंगी, दोन्ही ऱ्हस्व इकारान्त. कवीची पंचमी 'कवेः'. पतीची मात्र 'पत्युः'. ध्वनी तोच, लिंग तेच, तरी प्रत्यय निराळा. आणि त्याहून गंमत म्हणजे 'भूपति' हा शब्द घेतला की तो निमूटपणे 'भूपतेः' होतो, कवीसारखा. म्हणजे 'पति' एकटा असताना एक रूप आणि समासाच्या शेवटी आला की दुसरं. हे कानाला कळत नाही, पाठच करावं लागतं. लिंगाचंही तसंच: मति हा इकारान्तच, पण स्त्रीलिंगी, म्हणून त्याला मतेः बरोबर मत्याःही चालतं.

तुर्कीत 'हा शब्द कोणत्या गणातला' हा प्रश्न नामांना लेर किंवा देन लावताना येतच नाही. फ्युजनल भाषेत दोन गोष्टी हातात हात घालून येतात. एक, एका प्रत्ययात अनेक अर्थ. दोन, तो प्रत्यय कुठला हे शब्दाच्या कुळावर अवलंबून. मूळ लेखात पहिली आली, दुसरीही तितकीच महत्त्वाची आहे.

---

मेघना_तुर्कीवाली

मी तीन वर्षं तुर्की शिकतेय, त्यामुळे इथे बोलायलाच हवं. शब्दवेल्हाळ, तुम्ही तुर्कीचं चित्र जरा जास्तच स्वच्छ काढलंय.

पहिलं, एवलेरि हा शब्द बघा. याचे चार अर्थ होतात: त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं, आणि 'घरांना' म्हणजे कर्म असलेली ठरावीक घरं. का? कारण 'त्यांची घरं' म्हणताना खरं तर एव-लेर-लेरि व्हायला हवं, पण तुर्की दोन लेर शेजारी ठेवत नाही, एक गिळून टाकते. आणि 'त्याचं' दाखवणारा इ आणि कर्माचा इ दिसायला एकच. मला परीक्षेत या एका शब्दाने दोनदा दगा दिलाय.

दुसरं, स्वरांचा नियम परक्या शब्दांत मोडतो. साआत म्हणजे घड्याळ किंवा तास, अरबीतून आलेला. नियमाने साआतलार व्हायला हवं, होतं साआतलेर. हे पाठच करावं लागतं.

तिसरं, सर्वनामं. बेन म्हणजे मी, सेन म्हणजे तू. 'मला' म्हणजे बेने व्हायला हवं ना? ते बाना होतं. तुला म्हणजे साना. मूळ शब्दाच्या आतला स्वरच बदलला. हे अगदी धातुसाधित सांगतायत त्या जातीचं.

एक मात्र नियमात बसतं आणि मराठी माणसाला लगेच कळतं. किताप म्हणजे पुस्तक, आपला किताबच. तुर्कीत शब्दाच्या शेवटी ब टिकत नाही, त्याचा प होतो. पण पुढे स्वर आला की मूळचा ब परत येतो: किताबअम, माझं पुस्तक. आणि देन लावलं की प कठोर म्हणून द चाही त होतो: कितापतान. पाहायला तीन प्रकारचे बदल, पण तिन्ही ध्वनीचे.

---

शब्दवेल्हाळ

मेघनाताई, एवलेरिबद्दल मनापासून आभार. मी सोयीचं उदाहरण निवडलं होतं हे मान्य. बाना-साना तर मला ठाऊकच नव्हतं.

---

उदय_न

मग हिंदी आयसोलेटिंग म्हणायची का? 'हमारे घरों से', सगळे शब्द सुटे. आपण 'घरांपासून' जोडून लिहितो म्हणून आपण तुर्कीकडचे. एका ओळीने भाषेचा प्रकार बदलतो!

---

शब्दवेल्हाळ

नाही हो उदयजी, इथे लिहिण्याची पद्धत आणि भाषा यांची गल्लत होतेय. जागा सोडायची की नाही हे लिहिणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. व्हिएतनामीत प्रत्येक अक्षरगट सुटा लिहितात. 'हॉक सिन्य' म्हणजे विद्यार्थी, हा एकच शब्द आहे पण लिहिताना मध्ये जागा. त्यामुळे जागा मोजून काही ठरत नाही.

खरी कसोटी ही की दोन तुकड्यांच्या मध्ये दुसरा शब्द घुसवता येतो का. हिंदीत 'घर में ही' चालतं आणि 'घर ही में'सुद्धा चालतं. म्हणजे 'में' घराला घट्ट चिकटलेला नाही. मराठीत 'घरातच' म्हणतो. 'घर-च-आत' असं काही म्हणून बघा, जिभेवरच येणार नाही. म्हणजे आपला त खरोखर चिकटलेला आहे, फक्त कागदावर नाही. पण म्हणून हिंदी आयसोलेटिंग होत नाही. 'घरों'मध्ये अनेकवचन आणि सामान्यरूप आत शिरलेलंच आहे, आणि 'हमारे' बदलतोच.

---

वसंतराव

माझं वय झालं, पण हा विषय कॉलेजात थोडा शिकलो होतो. आम्हाला शिकवलं होतं की भाषा आधी सुट्या शब्दांच्या असतात, मग शब्द एकमेकांना चिकटतात, आणि शेवटी विरघळून संस्कृत-लॅटिनसारख्या परिपक्व होतात. म्हणजे व्हिएतनामी किंवा चिनी अजून पहिल्या पायरीवर आहेत. व्याकरण असं त्यांना फारसं नाहीच. हे बरोबर ना?

---

धातुसाधित

वसंतकाका, तुम्हाला शिकवलेलं त्या काळी खरंच शिकवलं जायचं. १८०८ साली फ्रीडरिख श्लेगेल यांनी संस्कृतसारख्या भाषांतले बदल आतून उमलणारे, म्हणून श्रेष्ठ, असं मांडलं. पुढे आउगुस्ट श्लायखर यांनी त्याची चढती पायरीच केली. चिकटण्याची आणि विरघळण्याची वाट खरी आहे, तेवढा भाग धरून ठेवा. चूक ती 'वर चढण्या'त आहे.

व्हिएतनामीचंच घ्या. तिची नातलग ख्मेर भाषा. ख्मेरमध्ये 'काअत' म्हणजे जन्मणे, आणि शब्दाच्या पोटात तुकडा घालून होतं 'कम्नाअत', म्हणजे जन्म. उपसर्ग आणि असे पोटात शिरणारे प्रत्यय त्या कुटुंबात जुने आहेत. व्हिएतनामीने ते झिजवून टाकले. १९५४ मध्ये आंद्रे ओद्रिकूर यांनी दाखवलं की तिचे स्वरांचे चढउतारसुद्धा शब्दांच्या शेवटी एके काळी असलेल्या, पुढे गळून गेलेल्या व्यंजनांच्या जागी आलेत. म्हणजे ही भाषा पहिल्या पायरीवर उभी नाही, ती भरपूर चालून इथे आली आहे.

आणि व्याकरण नाही म्हणता, तर 'ङोय' तिथून काढून बघा किंवा 'तोय'ची जागा बदलून बघा. व्याकरण शब्दाच्या आत नाही, शब्दांच्या रांगेत आहे. 'होम क्वा तोय दी हॉक' म्हणजे काल मी शिकायला गेलो. 'दी' म्हणजे नुसतं जाणे, भूतकाळाची खूण नाही, कारण 'काल' आलाय. हवी तर 'दा' ही खूण लावता येते, पण सक्ती नाही. मराठीत 'काल मी शिकायला जातो' म्हणता येत नाही. आपल्याला तीच गोष्ट दोनदा सांगावीच लागते.

---

वसंतराव

पटलं. ख्मेरचं उदाहरण वहीत लिहून घेतलं. पण 'चुंग तोय'मधला चुंग? तो तर 'तोय'ला चिकटून अनेकवचन करतो. मग तोही लेरच झाला ना?

---

धातुसाधित

काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. चुंग काही ठरावीक सर्वनामांआधीच येतो, घरांना लागत नाही. त्याला सुटा शब्द म्हणावा की उपसर्ग यावर एकमत करणं कठीण. मी त्याला अर्धवट चिकटलेला म्हणतो, पण यावर वाद घालणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

---

श्रीपाद_कन्नडभाषी

घरात कन्नड, बाहेर मराठी अशात वाढलोय. तुमचं पद आमच्याकडे 'नम्म मनेगळिंद'. मने म्हणजे घर, गळ अनेक, इंद म्हणजे पासून. एकच घर असेल तर मनेयिंद, मधला य फक्त दोन स्वर जोडायला. मला मराठी शिकताना घरातून, घरांतून हे सोपं गेलं, कारण सांगाडा ओळखीचा होता. रडवलं ते 'चा'ने. घराचा, घराची, घराचे, घराच्या! इंदला काय फरक पडतो पुढे काय आहे त्याचा? पण तुमचा 'चा' पुढचं नाम बघून लिंग बदलतो. माझी बायको अजून माझ्या 'घराची दार'वर हसते.

मग माझ्या मते तरी मराठी अर्धी आमच्यासारखी आणि अर्धी संस्कृतसारखी आहे.

---

अनुजा_शोध

मी मराठी मजकुरात शब्दशोधाचं काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. 'घर' शोधलं तर 'घरांतून' सापडायला हवं. सुरुवातीला आम्ही सरळ शेवटचे प्रत्यय कापायचे ठरवलं: तून, ला, ने, हून. तुर्कीत असं केलं तर बरंच जमून जातं असं ऐकलं होतं. मराठीत 'ला' कापायला गेलो तर शाला, माला, कमला यांचेही तुकडे पडले. ते टाळायला शब्दसूची लावली.

पण खरी अडचण कापल्यानंतर सुरू होते. घरातून मधून 'तून' काढलं की 'घरा' राहतं, त्यावरून 'घर' मिळतं. माळेतून मधून 'माळे', त्यावरून 'माळ'. गाण्यातून मधून 'गाण्या', त्यावरून 'गाणं'. विहिरीतून मधून 'विहिरी', त्यावरून 'विहीर', आणि तिथे तर मधली वेलांटीही दीर्घ करायची. प्रत्यय कापणं हे ॲग्लुटिनेटिव्ह काम, एका दिवसात झालं. सामान्यरूपावरून मूळ शब्द ओळखणं हे फ्युजनल काम, ते आजही चालू आहे. 'माळ्यातून' आलं की मूळ शब्द माळा आणि 'माळेतून' आलं की माळ, हे नियमाने सांगता येतं. पण 'माळा' नुसता आला तर ते घराचं छताखालचं मजल्यासारखं काही की माळचं अनेकवचन, हे शेजारचे शब्द बघितल्याशिवाय कळत नाही.

---

धातुसाधित

अनुजाताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. तुम्ही म्हणालात तीच सीमारेषा आहे: सामान्यरूपाच्या आत फ्युजनल, बाहेर ॲग्लुटिनेटिव्ह.

म्हणून 'ही भाषा अमुक प्रकारची' हे विधान ढोबळ ठरतं. १९२१ मध्ये एडवर्ड सपीर यांनी दोन प्रश्न वेगळे केले: एका शब्दात किती तुकडे, आणि ते तुकडे किती घट्ट मिसळलेले. १९६० मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग यांनी शंभर शब्दांचे उतारे घेऊन मोजणी केली. एका शब्दात सरासरी किती अर्थपूर्ण तुकडे? व्हिएतनामी १.०६, इंग्रजी १.६८, संस्कृत २.५९, एस्किमो ३.७२. आणि तुकड्यांचे जोड किती स्वच्छ, याच्या मोजणीत स्वाहिली ०.६७ तर संस्कृत ०.०९. म्हणजे स्वाहिली आणि संस्कृत शब्दांत जवळपास सारखंच सामान भरतात (स्वाहिली २.५५), पण भरण्याची रीत अगदी उलट. मराठीचं असं कुणी केलं तर मला नामं आणि क्रियापदं वेगळी मोजलेली बघायला आवडतील. दोन्हींचे आकडे एक येतील असं मला मुळीच वाटत नाही.

---

केतकी_प

मग मराठी नामांपुरतं बोलू. 'घरांतून' तोडायचा तर घर-आं-तून. 'आं' हा अनेकवचनाचा मणी. या वेळी तरी बरोबर ना?

---

शब्दवेल्हाळ

जवळपास. पण तुमचा 'आं' विहिरीला लावून बघा: विहिरींतून. तिथे 'आं' नाही, 'ईं' आहे. आता सगळी एका खाली एक लिहा. घरातून, घरांतून. माळेतून, माळांतून. नदीतून, नद्यांतून. विहिरीतून, विहिरींतून. स्वर शब्दाच्या कुळाप्रमाणे बदलतोय, कुठे य येतोय. सगळीकडे टिकलेला एकच तुकडा आहे, तो म्हणजे अनुस्वार. मराठीच्या सामान्यरूपातला अनेकवचनाचा मणी म्हणजे नुसता तो टिंब. थेट रूपात तर तोही सगळीकडे नाही: घरं, माळा, नद्या, विहिरी, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आणि पुढचे प्रत्यय दोन गटांत पडतात. तून, हून, त यांना वचनाशी देणंघेणं नाही: घराहून, घरांहून. पण ला आणि ने यांना आहे. घराला, पण घरांना. घराने, पण घरांनी. इथे वचन दोनदा आलं, एकदा अनुस्वारात आणि एकदा प्रत्ययात. '-ना'मध्ये विभक्ती आणि अनेकवचन एकत्र मुरलंय, अगदी '-भ्यः'सारखं. म्हणजे एकाच शब्दाचं एक रूप तुर्कीच्या वळणाचं आणि दुसरं संस्कृतच्या.

---

अनुजा_शोध

यावर एक विचारू? मी बोलीचा मजकूर टंकून घेते तेव्हा 'घरांतून' आणि 'घरातून' यांत टंकणाऱ्यांचा सतत गोंधळ होतो. ध्वनिफीत परत परत ऐकली तरी मलाच फरक ऐकू येत नाही. 'घरांना', 'घरांनी' यांत मात्र कुणी कधी चुकत नाही. तुम्ही स्वतः बोलताना 'घरांतून'मधला अनुस्वार उच्चारता का?

---

वसंतराव

मी उच्चारतो. घरान्तून, असं. आमच्या पिढीत १९६२ च्या नियमांआधी एकवचनातही 'घरांत' असा अनुस्वार लिहायचो, तो उच्चारात नव्हता म्हणून काढला. पण अनेकवचनातला खरा आहे.

---

मेघना_तुर्कीवाली

मी नाही उच्चारत. आत्ता मोठ्याने म्हणून बघितलं. 'सगळ्या घरातून लोक बाहेर आले', असंच बाहेर पडलं. 'सगळ्या' असल्यामुळे कळतं.

---

श्रीपाद_कन्नडभाषी

मीही नाही. मला तर तो लिहिण्यापुरताच आहे असं वाटायचं.

---

शब्दवेल्हाळ

वसंतकाका, तुमच्यासारखं बोलणारे अजून किती आहेत ते बघायला हवं. कारण हा टिंब बोलण्यातून गेला तर 'घरातून' वचनाबाबत मुकं होतं, आणि ते काम 'सगळ्या'सारख्या शेजारच्या सुट्या शब्दाकडे जातं. आणि 'घरांना'मध्ये वचन फक्त 'ना'च्या पोटात राहतं. एकाच वेळी दोन दिशा. अनुजाताई, तुमच्याकडच्या ध्वनिफितींत वय नोंदलेलं असतं का? असेल तर तून, हून आणि त यांच्या आधीचा अनुस्वार वेगवेगळा मोजता येईल का? हूनच्या आधी तो जास्त टिकत असावा असा माझा नुसता अंदाज आहे, कारण तिथे तो नाकातला स्वर म्हणूनच राहतो, न मध्ये बदलत नाही.

---

अनुजा_शोध

वय असतं. 'हून'ची वाक्यं फार कमी आहेत, पण 'त' आणि 'तून' भरपूर. पन्नास-पन्नास वाक्यं वेगळी काढते. ऐकायला मात्र दोघंतिघं लागतील, एकीच्या कानावर विसंबून चालणार नाही. वसंतकाका, तुम्ही ऐकाल का?

---

वसंतराव

जरूर. पण लिहिलेला मजकूर सोबत पाठवू नका. टिंब डोळ्यांना दिसला की कानालाही ऐकू येतो.